निरशा दुधाचा दावा आणि उकळीचा हिशेब

गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या जुन्या मुंबईतील घरांत दूध दोन वाटांनी येते: एक, डेअरीत पाश्चरीकरण होऊन प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेले, आणि दुसरे, उपनगरांतील तबेल्यांतून कॅनमध्ये भरून भय्यांकडून मापाने घरोघर घातले जाणारे सुटे दूध, ज्याला डेअरीची आच कधीच लागलेली नसते. दोन्ही प्रकारचे दूध स्वयंपाकघरात पोचल्याबरोबर गॅसवर चढते, आणि ही सवय इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यामागचे कारण सहसा कोणी विचारत नाही. अलीकडे मात्र हे कारण उलट बाजूने विचारले जाऊ लागले आहे. उकळल्याने दुधातील जीवनसत्त्वे आणि पाचक द्रव्ये नष्ट होतात, निरसे म्हणजे न तापवलेले दूध मुलांना अधिक पोषक असते, आणि धारोष्ण म्हणजे नुकतेच काढलेले कोमट दूध पिऊन पूर्वीचे तालमीतले पैलवान धडधाकट राहत, असे सांगितले जाते. या म्हणण्यातील प्रत्येक भाग वेगळा तपासावा लागतो, कारण त्यातील एक भाग थोडासा खरा आहे आणि बाकीचे मुलांच्या जिवावर बेतू शकतात.

मुंबईत हा प्रश्न नवा नाही. महापालिकेचे विश्लेषक लेम्युएल लुकास जोशी यांनी भारतीय शहरांतील दुधाच्या प्रश्नावर, विशेषतः मुंबईच्या संदर्भात, १९१६ मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिले होते; त्या काळी म्हशींचे गोठे भर वस्तीत असत, आणि शेणमूत्र, माश्या व दुधाचे भांडे ही सारी एकाच छपराखाली नांदत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहराला दूध पुरवण्याची सरकारी योजना आखली गेली, १९४५ पासून गुजरातेतील आणंदहून पाश्चरीकृत दूध रेल्वेने मुंबईत येऊ लागले, आणि १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दूध वसाहत उभी राहिली. शहराचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने साकारलेल्या या वसाहतीचा हेतू दुहेरी होता: म्हशी माणसांच्या वस्तीतून बाहेर नेणे, आणि त्यांचे दूध ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी यंत्राने तापवून थंड करणे. काचेच्या बाटल्या, रांगा आणि दूधकार्डे यांच्या आठवणी आजही अनेक चाळींत सांगितल्या जातात, परंतु त्या व्यवस्थेचा गाभा डोळ्यांना न दिसणाऱ्या पंधरा सेकंदांत होता.

पाश्चरीकरण म्हणजे दूध ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ ठेवून त्यातील रोगकारक जंतू मारणे आणि लगेच थंड करणे. मोठ्या डेअरीत दूध पातळ धातूच्या पत्र्यांमधून वाहत किमान ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापते, एका लांब नळीतून जाताना १५ सेकंद त्याच तापमानाला राहते आणि मग सुमारे ४ अंशांपर्यंत गार केले जाते. जुन्या पद्धतीत हेच काम ६३ अंशांना अर्धा तास ठेवून होत असे. नळीच्या टोकाला एक स्वयंचलित झडप बसवलेली असते, आणि तापमान नेमलेल्या अंशाच्या खाली घसरले, तर ती झडप ते दूध पुढे न सोडता पुन्हा तापवायला मागे वळवते. हे आकडे अंदाजाने ठरलेले नाहीत. दुधातून पसरणाऱ्या, बीजाणू न करणाऱ्या जंतूंमध्ये क्षयाचा जंतू आणि क्यू ज्वर या तापाचा जंतू उष्णतेला सर्वांत चिवट मानले जातात, म्हणून ते ज्या तापमानाला खात्रीने मरतात, तेच तापमान आधार म्हणून धरले गेले. दुधात निसर्गतः असणारे अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, या जंतूंपेक्षा किंचित अधिक उष्णता सोसते; त्यामुळे तयार दुधात हे विकर सापडले नाही, तर जंतूही मेले असे डेअरीच्या प्रयोगशाळेत समजते, आणि सापडले, तर दूध नीट तापलेले नाही किंवा त्यात कच्चे दूध मिसळले गेले आहे, असा निष्कर्ष निघतो.

निरशा दुधात जंतू येतात कुठून, हे पाहण्यासाठी तबेल्यातील दोहन जवळून पाहावे लागते. सड म्हशीच्या मागच्या पायांमध्ये असतात, म्हैस ज्या फरशीवर बसते तिथेच शेण पडते, शेपटी त्यातून फिरून अंगावर आपटते, आणि सड धुतले तरी त्यांच्या सुरकुत्यांत शेणाचा अंश राहू शकतो. दूध कासेतून निघताना जवळजवळ निर्जंतुक असले, तरी हात, बादली आणि कॅन यांच्यापर्यंतचा प्रवास त्याला तसे राहू देत नाही. शिवाय काही जंतू थेट कासेतूनच येतात, कारण कासदाहाची किंवा ब्रुसेलोसिसची लागण झालेले जनावर बाहेरून अगदी तंदुरुस्त दिसू शकते. म्हणूनच “आमचा तबेला स्वच्छ आहे” ही हमी प्रामाणिक असली तरी अपुरी ठरते. स्वच्छतेने जंतूंची संख्या कमी होते, शून्य होत नाही. दूध ए-टू प्रकारचे आहे किंवा देशी गाईचे आहे, यानेही काही फरक पडत नाही, कारण ते वर्णन दुधातील एका प्रथिनाच्या जातीचे असते आणि जंतूंशी त्याचा संबंध नसतो.

मुलांच्या दृष्टीने सर्वांत भयंकर जंतू म्हणजे शिगा विष तयार करणारा ई. कोलाय, ज्याचा ओ१५७ हा प्रकार अधिक परिचित आहे. तो गाईम्हशींच्या आतड्यात त्यांना काहीही त्रास न देता राहतो, शेणातून दुधात उतरतो, आणि माणसाला आजारी पाडायला त्याच्या शंभराहून कमी पेशीही पुरतात. आधी पोटात कळा व जुलाब आणि मग रक्ताचे जुलाब होतात. बहुतेक मुले आठवडाभरात बरी होतात, परंतु संसर्ग झालेल्या शंभर लहान मुलांपैकी साधारण पाच ते पंधरा मुलांत जुलाब ओसरू लागत असतानाच दुसरा टप्पा सुरू होतो. आतड्यातून रक्तात उतरलेले विष बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करते, तिथे सूक्ष्म गुठळ्या होतात, त्यांतून जाताना तांबड्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंडे काम सोडू लागतात. या अवस्थेला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात, आणि पाच वर्षांखालील मुलांना तिचा धोका सर्वाधिक असतो. यातून वाचलेल्या काही मुलांना पुढे मूत्रपिंडाचा विकार आयुष्यभर सोबत करतो. मोठ्या माणसाला तेच दूध पिऊन नुसता दोन दिवसांचा त्रास होऊ शकतो, आणि घरातील वडीलधारी “आम्ही लहानपणापासून पितो” असे सांगतात, तेव्हा हा वयाचा फरक त्यांच्या लक्षात येत नाही.

ब्रुसेलोसिसची चाल संथ असते. दूध प्यायल्यानंतर आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप येतो, तो चढतो-उतरतो, रात्री घाम सुटतो, आणि मुलांमध्ये गुडघा किंवा खुब्याचा सांधा दुखू लागतो. मुंबईसारख्या शहरात चढउताराचा ताप म्हटला की आधी मलेरिया, टायफॉइड आणि क्षय यांच्या तपासण्या होतात, त्यामुळे निदानाला उशीर होणे स्वाभाविक आहे. उपचारात किमान सहा आठवडे दोन प्रतिजैविके एकत्र द्यावी लागतात. या रोगाचे दुधाशी असलेले नाते विसाव्या शतकाच्या आरंभी माल्टा बेटावर शेळ्यांच्या दुधातून सिद्ध झाले, आणि म्हणूनच मुलाला पचायला हलके म्हणून शेळीचे निरसे दूध देण्याची पद्धतही तितकीच धोक्याची आहे.

जनावरांच्या क्षयाचा इतिहास अधिक बोलका आहे. कच्चे दूध पिण्याची रीत असलेल्या ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात गोवंशीय क्षयाने दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरत आणि त्यांत मुलांची संख्या मोठी असे; दुधातून आलेला हा क्षय बहुधा फुप्फुसात न शिरता मानेच्या गाठींत किंवा पोटात होई, आणि मानेच्या त्या गाठींनाच मराठीत गंडमाळा म्हणतात. पाश्चरीकरण सार्वत्रिक झाल्यावर आणि जनावरांची तपासणी सुरू झाल्यावर तो तिथून जवळजवळ नाहीसा झाला. जनावरांत क्षय असूनही भारतीय मुलांना हा मार्ग बराचसा बंद राहिला, याचे मोठे श्रेय घरोघरच्या उकळीला जाते.

दूध बिघडले तर नासेल आणि कळेल, या विश्वासाची मर्यादाही समजून घ्यायला हवी. दुधातील लॅक्टिक आम्ल बनवणारे जंतू वाढले की आंबटपणा वाढतो आणि तापवताना केसीन हे प्रथिन गोळा होऊन दूध फाटते. डेअरीच्या दारात आलेल्या दुधाचा नमुना परीक्षानळीत उकळून पाहतात, तीही हीच परीक्षा. तिच्यातून दूध शिळे झाले आहे का, हे कळते. रोगजंतू आहेत का, हे कळत नाही, कारण ई. कोलायच्या शंभर पेशींनी दुधाची चव, वास किंवा आंबटपणा तसूभरही बदलत नाही. उष्ण हवेत अनेक जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात, म्हणजे अनुकूल स्थितीत एका तासात चौपट ते आठपट; पहाटे दोनला काढलेले आणि सकाळी सातला दारात आलेले सुटे दूध मुंबईच्या दमट उकाड्यात या हिशेबाने बरेच अंतर कापून आलेले असते, आणि तरीही ते न नासता उकळू शकते.

आता उकळीने काय जाते, ते पाहू. कॅल्शियम, प्रथिने, स्निग्धांश आणि त्यात विरघळलेली अ व ड जीवनसत्त्वे यांवर पाश्चरीकरणाचा किंवा साध्या उकळीचा जाणवेल असा परिणाम होत नाही. दह्याच्या निवळीत उतरणाऱ्या प्रथिनांची घडी उकळताना मोडते, परंतु पोटातील आम्ल पुढे तेच करणार असते, त्यामुळे त्यांचे पोषणमूल्य कमी होत नाही. क जीवनसत्त्वाचा पाश्चरीकरणात दहा ते पंचवीस टक्के नाश होतो आणि उकळीत त्याहून अधिक. मात्र दुधात ते मुळातच शंभर मिलिलिटरमागे एक-दोन मिलिग्रॅम असते. दिवसाला ४०० मिलिलिटर दूध पिणाऱ्या मुलाचे त्यातून फार तर तीन-चार मिलिग्रॅम बुडतात, आणि पेरूच्या एका बारीक फोडीत त्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व मिळते. थायमिन म्हणजे बी-१ आणि फोलेट यांचीही दहा-वीस टक्के घट होते, पण डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्या खाणाऱ्या मुलाला ती सहज भरून काढता येते.

खरा विचार करण्याजोगा पदार्थ एकच, तो म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. रक्त तयार होण्यासाठी आणि मेंदू व मज्जातंतूंच्या वाढीसाठी ते अत्यावश्यक असते, वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसते, आणि अंडी, मासे, मांस न खाणाऱ्या घरात मुलाला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. चार वर्षांच्या मुलाची रोजची गरज सुमारे १.२ मायक्रोग्रॅम धरली, तर ४०० मिलिलिटर दुधात हे जीवनसत्त्व साधारण दीड मायक्रोग्रॅम असते. पाश्चरीकरणात त्यातील पाच ते दहा टक्के जाते आणि सुमारे १.४ मायक्रोग्रॅम उरते. दोन ते पाच मिनिटे उकळल्यास घट तीस टक्क्यांच्या आसपास पोचते आणि एक मायक्रोग्रॅमभर हाती राहते. अर्धा तास खळखळत ठेवल्यास जवळपास निम्मे नष्ट होऊन पाऊण मायक्रोग्रॅमच उरते. सकाळी आलेले दूध एकदा, दुपारच्या चहाला दुसऱ्यांदा, संध्याकाळी तिसऱ्यांदा आणि झोपताना चौथ्यांदा उकळण्याची रीत अनेक घरांत आहे, आणि शाकाहारी मुलाचे खरे नुकसान होते ते या रीतीने. निरशा दुधाचे पुरस्कर्ते ज्या नुकसानीची भीती दाखवतात, ती टाळण्यासाठी दूध कच्चे पाजण्याची गरज नाही. ते एकदाच उकळून थंड जागी ठेवणे आणि नंतर लागेल तेवढेच कोमट करणे पुरेसे आहे. सायीबद्दलही हेच म्हणता येते: तुपासाठी साय काढून उरलेले दूध मुलाला दिले, तर स्निग्धांशाबरोबर अ जीवनसत्त्वही तुपाच्या बरणीत जाते, आणि ती वजावट उकळीने होणाऱ्या घटीपेक्षा मोठी असते.

निरशा दुधात लॅक्टोज म्हणजे दुधातील साखर पचवणारे विकर असते आणि उकळीने ते मरते, हा दावाही टिकत नाही. ते विकर, लॅक्टेज, दुधात नसतेच. ते माणसाच्या लहान आतड्यात तयार होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात दूध न पचणाऱ्या सोळा प्रौढांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लहानशा चाचणीत कच्च्या दुधाने त्यांचा त्रास पाश्चरीकृत दुधापेक्षा कमी झालेला आढळला नाही. दम्याविषयीचा दावा मात्र अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो. युरोपातील शेतावर वाढणाऱ्या मुलांच्या मोठ्या पाहण्यांत कच्चे दूध पिणाऱ्या मुलांना दमा व ॲलर्जी कमी असल्याचे दिसले आहे, आणि हा संबंध खरा असण्याची शक्यता आहे. परंतु तो पाहणीतून दिसलेला संबंध आहे, गोठ्यात वावरणाऱ्या मुलांचे सारे जगणे त्यात मिसळलेले आहे, आणि संशोधकांनी त्यावरून मुलांना कच्चे दूध देण्याची शिफारस केलेली नाही. लालबागच्या सातव्या मजल्यावरच्या मुलाला भय्याचे निरसे दूध पाजून बव्हेरियाच्या शेतातले बालपण मिळत नाही.

पिशवीचे दूध उकळावे की नाही, याचे उत्तर पिशवीच्या प्रवासावर अवलंबून आहे. डेअरीपासून घरच्या फ्रिजपर्यंत ते चार-पाच अंशांत राहिले असेल, तर ते तसेच पिण्यास सुरक्षित असते. पहाटे क्रेटमध्ये दुकानाबाहेर तासन्‌तास पडलेल्या, हाताला कोमट लागणाऱ्या किंवा टाचणीएवढ्या छिद्रातून पाझरणाऱ्या पिशवीबद्दल तसे म्हणता येत नाही, आणि मुंबईत हे रोज दिसते, म्हणून मुलासाठी एक उकळी देणे शहाणपणाचे आहे. सुट्या दुधाला तर पर्यायच नाही. उकळी देताना पळीने ढवळत राहावे, कारण सायीच्या पातळ पापुद्र्याखाली वाफ अडकून दूध सर्वत्र सारखे तापण्याआधीच फेसाने वर येऊ शकते. सगळे दूध खालपासून उकळू लागले की गॅस बंद करावा. मग पातेले परातीतल्या थंड पाण्यात ठेवून लवकर निववावे आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकावे. हा शेवटचा भाग टाळता येत नाही, कारण बॅसिलस सिरियस हा जंतू बीजाणूच्या, म्हणजे कवचबंद झोपेच्या, रूपात उकळीतूनही वाचतो आणि ओट्यावर रात्रभर राहिलेल्या कोमट दुधात पुन्हा वाढतो. स्टॅफिलोकोकस या जंतूने तापवण्यापूर्वीच दुधात सोडलेले विष तर उकळूनही जात नाही. त्यामुळे उशीर झालेले दूध दुसऱ्या उकळीने सुधारत नाही, आणि काल उरलेल्या दुधात आजचे ताजे दूध ओतू नये.

निरसे दूध मुलांच्या पोटात जाण्याची एक वाट घरच्या देवघरातून आणि गणेशोत्सवाच्या मांडवातून जाते. पंचामृतासाठी न तापवलेले दूध वापरण्याची पद्धत आहे, आणि तीर्थ म्हणून ते चमचाभर का होईना, तान्ह्या मुलाच्याही ओठांना लावले जाते. सुट्या कच्च्या दुधाऐवजी फ्रिजमधील पाश्चरीकृत पिशवीचे न उकळलेले दूध घेतल्यास विधीलाही बाधा येत नाही आणि जंतूंची भीतीही उरत नाही; मात्र पंचामृतातील मधात दुर्मीळ पण जीवघेण्या बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात, म्हणून वर्षाच्या आतील बाळाला ते कोणत्याही दुधाचे केलेले असले तरी देऊ नये. खरवस वाफेवर मधोमध घट्ट होईपर्यंत शिजतो, तेव्हा त्याची काळजी नको. चीक मात्र कच्चा चाखायला देऊ नये. वर्षाखालील बाळाला गाईम्हशीचे वरचे दूध आईच्या दुधाच्या जागी पाजणे उकळूनही योग्य नाही, कारण त्यात लोह फार थोडे असते आणि त्याने आतड्यातून सूक्ष्म रक्तस्राव होऊन पांडुरोग जडू शकतो.

मुलाने निरसे दूध घेतले असेल आणि नंतरच्या आठ-दहा दिवसांत त्याला रक्ताचे जुलाब झाले, लघवी कमी झाली, किंवा ते फिकट व मलूल दिसू लागले, तर घरात उरलेली जुलाब थांबवणारी गोळी किंवा प्रतिजैविक स्वतःहून देऊ नये, कारण ई. कोलायच्या या संसर्गात दोन्हींनी मूत्रपिंडांवरचे संकट वाढू शकते. परळचे वाडिया बालरुग्णालय असो की जवळचे कोणतेही मोठे रुग्णालय, मुलाला त्याच दिवशी तिथे न्यावे, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्याने न उकळलेले दूध प्यायले होते, हे त्यांना आधी सांगावे.